उधारीचे किती, रोखीचे किती: फोटोतून आलेलं पॉयसनचं गणित

बी.एस्सी. सांख्यिकीच्या ग्रुपवर परीक्षेच्या आदल्या रात्री असा एक तरी फोटो पडतोच: पिवळ्या बल्बखाली काढलेला, पानावर हाताची सावली, उजवी कड कापलेली. गणित बहुतेक दुकानाचं असतं. नमुन्यादाखल हे घ्या.

> एका कृषी सेवा केंद्रात सकाळी ९ पासून ग्राहक पॉयसन प्रक्रियेने ताशी १२ या दराने येतात. प्रत्येक ग्राहक, इतरांपासून स्वतंत्रपणे, १/३ संभाव्यतेने उधारीवर माल नेतो, नाहीतर रोख देतो. ९ ते ९:३० या वेळेत
> (अ) नेमके ३ उधारीचे ग्राहक येण्याची संभाव्यता काढा.
> (आ) ३ उधारीचे आणि ५ रोखीचे ग्राहक येण्याची संभाव्यता काढा.
> (इ) एकूण ८ ग्राहक आले असे दिले असताना त्यांतले ३ उधारीचे असण्याची संभाव्यता काढा.
> (ई) ५ रोखीचे ग्राहक आले असे दिले असताना उधारीच्या ग्राहकांची अपेक्षित संख्या काढा.

चारही प्रश्न दिसायला भावंडं वाटतात. (अ) आणि (आ) सरळ आहेत, (इ) ला पॉयसन लागतच नाही, आणि (ई) मध्ये वर्गातली निम्मी मुलं पडतात.

आधी फोटो नीट वाचा

पेन उचलण्याआधी फोटोतल्या तीन जागा बोटाने मोठ्या करून बघा. पहिली जागा म्हणजे दराचं एकक. ‘ताशी’ हा शब्द कडेला असेल तर तो कापला जातो आणि नुसते १२ उरतात. मग कोणी ते अर्ध्या तासाचेच धरून चालतं आणि पुढच्या सगळ्या सरासऱ्या दुप्पट होतात. दुसरी जागा अपूर्णांकाची. अंधुक फोटोत १/३ चं १३ दिसतं, कधी ०.३ ही दिसतं. १/३ आणि ०.३ यांत फरक थोडा आहे, पण उत्तराचा दुसराच अंक बदलतो आणि पर्यायांतलं चुकीचं उत्तर नेमकं तिथेच ठेवलेलं असतं.

तिसरी जागा शब्दांची, आणि तीच सगळ्यात महाग पडते. ‘प्रत्येक ग्राहक १/३ संभाव्यतेने’ आणि ‘प्रत्येक तिसरा ग्राहक’ ही दोन वेगळी गणितं आहेत. ती वेगळी का, ते पुढे येईलच. ‘स्वतंत्रपणे’ आणि ‘असे दिले असताना’ हे शब्द सुद्धा फोटोत आहेत की कापले गेलेत ते तपासा. शंका असेल तर दुसरा फोटो मागा: वही खिडकीजवळ सपाट ठेवायची, मोबाईल बरोबर वर धरायचा, पानाचे चारही कोपरे चौकटीत आले पाहिजेत.

प्रवाह दोन भागांत फोडायचा

आता अर्ध्या तासाचा हिशोब. ताशी १२ म्हणजे अर्ध्या तासात सरासरी ६ ग्राहक. नियम असा: येणारा प्रवाह पॉयसनचा असेल आणि दारात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाचा प्रकार नाणं उडवल्यासारखा स्वतंत्रपणे ठरत असेल, तर उधारीचा प्रवाहही पॉयसनचाच असतो आणि रोखीचाही पॉयसनचाच. उधारीची सरासरी ६ × १/३ = २, रोखीची ६ × २/३ = ४. आणि हे दोन प्रवाह एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतात.

शेवटचं वाक्य पचायला जड आहे. एकाच दारातून आलेल्या माणसांचे दोन ढीग केले, तर एक ढीग मोठा झाल्यावर दुसरा लहान व्हायला नको का? त्यामुळे नियम पाठ करण्यापेक्षा एकदा मांडून बघणं बरं. उधारीच्या ग्राहकांची संख्या ‘उ’, रोखीच्यांची ‘रो’, एकूण सरासरी m आणि उधारीची संभाव्यता p धरू. उ = i आणि रो = j व्हायचं असेल, तर एकूण i+j माणसं यायला हवीत आणि त्यांतली i उधारीची निघायला हवीत:

```
P(उ=i, रो=j)
 = e^(-m) m^(i+j)/(i+j)!  ×  (i+j)!/(i! j!) p^i (1-p)^j
 = [ e^(-mp) (mp)^i / i! ] × [ e^(-m(1-p)) (m(1-p))^j / j! ]
```

बघा, पॉयसनच्या छेदातला (i+j)! आणि द्विपदाच्या अंशातला (i+j)! एकमेकांना खाऊन टाकतात. दोघांना बांधून ठेवणारी तेवढी एकच दोरी होती. ती सुटली की उजवीकडे एक कंस फक्त i चा आणि दुसरा फक्त j चा उरतो. पॉयसनच्या सूत्रात खाली फॅक्टोरियल असतं म्हणून हे जमतं, दुसऱ्या कुठल्या वितरणात ते असं सुटत नाही.

चारही प्रश्न, ओळीने

(अ) मध्ये फक्त उधारी विचारली आहे, रोखीकडे बघायचंही नाही. सरासरी २ चा पॉयसन:

```
P(उ=3) = e^(-2) × 2^3/3! = 0.1353 × 1.3333 = 0.1804
```

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे सरासरी ६ घेऊन P(3) काढायचं आणि त्याला १/३ ने गुणायचं. त्याने एकूण तीनच ग्राहक आले अशा अर्ध्या तासाचा हिशोब होतो, शिवाय तोही अर्धवट. एकूण कितीही आले असते तरी चालतं, त्यांतले उधारीचे तीन हवेत.

(आ) मध्ये दोन्ही संख्या एकत्र विचारल्या आहेत. स्वतंत्र आहेत, म्हणून गुणाकार:

```
P(रो=5) = e^(-4) × 4^5/5! = 0.0183 × 8.5333 = 0.1563
P(उ=3, रो=5) = 0.1804 × 0.1563 = 0.0282
```

(इ) मध्ये एकूण ८ दिले आहेत. आता प्रवाह, दर, अर्धा तास सगळं विसरा. आठ माणसं समोर उभी आहेत, प्रत्येकाची उधारीची संभाव्यता १/३, त्यांतली तीन उधारीची हवीत. साधं द्विपद:

```
P(उ=3 | एकूण=8) = C(8,3) (1/3)^3 (2/3)^5 = 1792/6561 = 0.2731
```

इथे पाचरीसारखी बसणारी एक पडताळणी आहे. एकूण ८ येण्याची संभाव्यता सरासरी ६ च्या पॉयसनने ०.१०३३ येते. तिला (इ) च्या ०.२७३१ ने गुणा, ०.०२८२ येतात. हेच (आ) चं उत्तर. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला नाही, तर कुठेतरी १२ आणि ६ ची, नाहीतर १/३ आणि २/३ ची अदलाबदल झाली आहे.

(ई) मध्ये ५ रोखीचे आल्याचं दिलं आहे. इथे मन आपोआप असं चालतं: रोखीचे दोन तृतीयांश असतात, रोखीचे ५, म्हणजे एकूण साडेसात, म्हणजे उधारीचे अडीच. नीटनेटका हिशोब आहे, पण उत्तर चूक आहे. बरोबर उत्तर २. रोखीचे ५ आले, शून्य आले की पंधरा आले, उधारीच्यांची अपेक्षित संख्या २ ची हलत नाही, कारण दोन प्रवाह स्वतंत्र आहेत. रोखीचे सरासरीपेक्षा एक जास्त आले, तर एकूण संख्याच एकाने वाढलेली समजायची. ‘आज दुकानात गर्दी दिसते’ हा अंदाज इथे चालत नाही, कारण पॉयसनमध्ये दर आधीच पक्का ठरलेला आहे, गर्दी बघून तो नव्याने शिकायचा नाही.

(इ) आणि (ई) मधला फरक इथेच आहे. एकूण आकडा सांगितला की दोन्ही प्रकार एकमेकांना बांधले जातात, उधारीचे तीन तर रोखीचे पाचच. एका प्रकाराचा आकडा सांगितला की दुसऱ्याला त्याची खबरही नसते.

मोबाईलवरच्या स्प्रेडशीटमध्ये ताळा करायचा असेल तर एवढं पुरे:

```
=POISSON.DIST(3,2,FALSE)       → 0.1804
=POISSON.DIST(5,4,FALSE)       → 0.1563
=BINOM.DIST(3,8,1/3,FALSE)     → 0.2731
```

शेवटी FALSE च हवं. TRUE लिहिलं तर ‘तीन किंवा कमी’ची संभाव्यता येते, पहिल्या ओळीत ०.८५७१. बहुपर्यायी प्रश्नात हा आकडाही एक पर्याय म्हणून बसलेला असतो.

‘प्रत्येक तिसरा’ आला तर

आता त्या महागड्या शब्दाकडे. समजा दुकानदाराने शिस्त लावली आहे: दोन रोखीचे झाले की तिसऱ्याला उधारी. सरासरी तीच, तासाला ४ उधारीचे. पण उधारीचा प्रवाह आता पॉयसनचा राहिला नाही.

फरक कुठे पडतो ते बघायला, नुकताच एक उधारीचा ग्राहक गेला आहे असं धरा आणि विचारा: पुढच्या पंधरा मिनिटांत एकही उधारीचा न येण्याची संभाव्यता किती? नाणं उडवून ठरत असेल, तर उधारीची पंधरा मिनिटांची सरासरी १, म्हणून e^(-1), म्हणजे ०.३६७९. शिस्तीच्या दुकानात मात्र उधारी व्हायला तीन ग्राहक यावे लागतात, म्हणून पंधरा मिनिटांत शून्य, एक किंवा दोनच ग्राहक आले तर उधारी झाली नाही असं होतं. पंधरा मिनिटांची एकूण सरासरी ३, म्हणून:

```
e^(-3) × (1 + 3 + 9/2) = 0.0498 × 8.5 = 0.4232
```

दोन्हीकडे दोन उधाऱ्यांमधली सरासरी वाट पंधरा मिनिटांचीच. पण नाणेफेकीत वाटेचं प्रचरण २२५ येतं आणि शिस्तीत ७५. शिस्तीत उधाऱ्या जास्त एकसारख्या अंतरावर पडतात. म्हणून फोटोत ‘प्रत्येक तिसरा’ असेल आणि तुम्ही सरासरी २ चा पॉयसन लावला, तर आकडा पहिल्या नजरेत बरा वाटेल, गुण मात्र मिळणार नाहीत.

गावातल्या दुकानात हे कधी मोडतं

पुस्तकातलं दुकान सोडून मृगातल्या खऱ्या कृषी केंद्रात जा. सोयाबीन, कपाशी आणि तुरीच्या बियाण्यासाठी कास्तकार एकेकटे कमीच येतात. खेड्यावरून एक ऑटो येतो, त्यातून चौघं उतरतात आणि चौघंही काउंटरपाशी येतात. पॉयसनला एका क्षणी एकच माणूस लागतो. इथे माणसं गठ्ठ्याने येतात.

किती फरक पडतो? समजा माणसं नाही, ऑटो पॉयसनने येतात, अर्ध्या तासात सरासरी दीड, आणि प्रत्येकात बरोबर चौघं. एकूण सरासरी पुन्हा ६ च आहे, उधारीची सरासरी २ च. पण अर्ध्या तासात एकही उधारी न होण्याची संभाव्यता काढा. एका ऑटोतले चौघंही रोखीचे असण्याची संभाव्यता (२/३) चा चौथा घात, म्हणजे १६/८१. ऑटो उधारीचा एकही ग्राहक आणणार नाही अशी ही संभाव्यता. जे ऑटो किमान एक उधारी आणतात ते सुद्धा ऑटोंच्या प्रवाहाचा एक फोडलेला भागच आहेत, त्यांची सरासरी १.५ × ६५/८१ = १.२०३७:

```
ऑटोने:      e^(-1.2037) = 0.3001
एकेकटे:     e^(-2)      = 0.1353
```

दुपटीहून जास्त. आणि हे तर चौघांचे निर्णय स्वतंत्र धरून. प्रत्यक्षात ‘त्याला देता तर मले काऊन नाही’ हे वाक्य एकदा काउंटरवर पडलं, की चौघांचाही प्रकार एकच होतो आणि फरक आणखी वाढतो.

हे दुकानात कसं ओळखायचं? काउंटरवर वहीचं पान ठेवा आणि प्रत्येकाची वेळ आणि प्रकार लिहा. एका अर्ध्या तासाची नोंद अशी दिसेल: ९:०४ रो, ९:११ उ, ९:११ रो, ९:११ रो, ९:११ उ, ९:२६ रो. एकाच मिनिटाला चार नोंदी दिसल्या, की तिथेच थांबून विचार करा. मग वीस-पंचवीस अर्ध्या तासांचे एकूण आकडे घ्या, त्यांची सरासरी आणि प्रचरण काढा. पॉयसनमध्ये दोन्ही जवळपास सारखे येतात, माणसं गठ्ठ्याने येत असतील तर प्रचरण सरासरीहून बरंच मोठं निघतं. अर्ध्या तासांच्या या नोंदी दिवसाच्या एकाच वेळच्या असाव्यात. सकाळची गर्दी आणि दुपारची सामसूम एकत्र केली, तर नुसत्या दर बदलण्यानेच प्रचरण फुगतं आणि दोष भलत्याच्या माथी जातो.

एकूण आकड्यावरूनच दोन प्रकारांच्या नात्याचाही अंदाज येतो, कारण प्रत्येकाचा प्रकार स्वतंत्रपणे ठरत असेल तर

```
सहप्रचरण(उ, रो) = p(1-p) × (एकूणचं प्रचरण − एकूणची सरासरी)
```

प्रचरण सरासरीएवढं असेल तर उजवीकडे शून्य, आणि पॉयसनमध्ये तर पूर्ण स्वातंत्र्यच आहे. ऑटोच्या उदाहरणात प्रचरण १.५ × १६ = २४, सरासरी ६, म्हणून सहप्रचरण २/९ × १८ = ४. म्हणजे रोखीचे जास्त तर उधारीचेही जास्त. याउलट, दर अर्ध्या तासाला टोकन देऊन बरोबर ६ च माणसं आत घेतली, तर प्रचरण शून्य आणि सहप्रचरण −४/३: रोखीचे वाढले की उधारीचे घटणारच. एक ढीग मोठा तर दुसरा लहान ही वरची शंका टोकनच्या दुकानात खरी ठरते.

वेळेप्रमाणे बदलणारी उधारी

एक बदल मात्र चालतो, त्याला घाबरायचं कारण नाही. उधारीची संभाव्यता वेळेनुसार बदलत असेल, म्हणजे ९ ते ९:१५ पर्यंत १/२ आणि ९:१५ ते ९:३० मध्ये १/६, तरी दोन्ही प्रवाह पॉयसनचे आणि स्वतंत्रच राहतात. फक्त सरासरी तुकड्यांनी मोजायची: पहिल्या पंधरा मिनिटांत ३ × १/२ = १.५, दुसऱ्यांत ३ × १/६ = ०.५, मिळून २. (अ) चं उत्तर जसंच्या तसं ०.१८०४. संभाव्यता घड्याळ बघून ठरली तर चालते, आधी किती जण येऊन गेले ते बघून ठरली तर चालत नाही.

आणि हे दुसरं तर गावात नेहमीचं. समजा अर्ध्या तासात तीन उधाऱ्या झाल्या की भिंतीवरची ‘उधारी बंद’ची पाटी पुढे सरकते. उधारी मागायला येणारे सरासरी २ च आहेत, पण वहीत तीनपेक्षा जास्त कधीच दिसणार नाहीत. वहीत नेमके ३ दिसण्याची संभाव्यता आता ‘तीन किंवा जास्त’ची झाली, म्हणजे ०.१८०४ नव्हे, ०.३२३३. यापुढचं, चौथा माणूस काय करतो त्यावर. तो तसाच परत गेला, तर रोखीचे आकडे अजूनही उधारीपासून स्वतंत्र आणि सरासरी ४ च. तो खिशातून पैसे काढून रोखीत गेला, तर रोखीची सरासरी ४.२१८ होते, आणि वहीत उधारीचे ३ दिसले की रोखीच्यांचा अंदाज वर सरकवावा लागतो, कारण त्यांतले काही पाटीमुळे तिकडे गेलेले असतात. फोटोत ‘जास्तीत जास्त तीन’ असे शब्द दिसले, तर त्यांच्या पुढची ओळ हाच फरक सांगते, ती कापली गेली असेल तर फोटो परत मागवा.